अनुभव धागा : रात्रपाळीचा रखवालदार आणि त्याच्या बारा सेकंदांच्या क्लिपा

निशिगंधा
कुणीतरी पहाटेच्या रिकाम्या चौकाची क्लिप पाठवली आणि अर्ध्यावर सोडलेली कथा आठवली. बहुमजली पार्किंगचा रात्रपाळीचा रखवालदार. फेरी मारताना सगळ्यात वरच्या मजल्यावर जातो, कठड्यावर फोन ठेवतो आणि खालच्या चौकाची बारा सेकंदांची क्लिप घेतो. रोज तीच चौकट. सिग्नल पिवळा लुकलुकतोय, रस्ता झाडणारी गाडी जाते, एखादा सायकलवाला. टाकत राहतो आणि हळूहळू लोक बघायला लागतात.

अडलेय दोन ठिकाणी. सुरुवातीच्या क्लिपा वाईट निघायला हव्यात, पण मी नुसतं 'अंधार होता' लिहून ठेवलंय. आणि लोक थांबतात ते नेमके कशामुळे? रात्री शूटिंग केलेल्यांनी, रात्रपाळी केलेल्यांनी, सगळ्यांनी लिहा.

उजेडवाला
पट्टे दाखवा. पहिल्याच क्लिपमध्ये वरून खाली सरकणारे काळपट पट्टे.

50 हर्ट्झच्या विजेवरचा दिवा सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, पण फोनचा सेन्सर चित्र एकदम घेत नाही, ओळीओळीने वाचतो. काही ओळी तेज क्षणी वाचल्या जातात, काही मंद क्षणी. शटर 1/50 किंवा 1/100 असेल तर प्रत्येक ओळीला पूर्ण चढउतार मिळतो आणि पट्टे जातात. वीज 60 हर्ट्झची असेल तिथे 1/60 किंवा 1/120.

तुमच्या चौकात झगमगता जाहिरात फलक आहे का? असेल तर काम सोपं. फलक उजळला की ऑटोवरचा फोन 'फार उजेड झाला' समजून शटर छोटं करतो, 1/200 वगैरे, आणि पट्टे ठळक होतात. फलक काळा झाला की पट्टे फिके. बिचाऱ्याला वाटेल फोन बिघडला.

भटकभवानी
फ्रेम रेट 25 करायचा, संपलं. 30 वर ठेवलं की पट्टे येणारच. इतकं शास्त्र कशाला.

उजेडवाला
@भटकभवानी अर्धं बरोबर. 30 वरसुद्धा शटर 1/50 ला बांधून ठेवलं तर पट्टे येत नाहीत, कारण प्रश्न एक फ्रेम किती वेळ उघडी राहते याचा आहे, सेकंदाला किती फ्रेम आहेत याचा नाही. काही फोनांत 25 केलं की ऑटो शटर आपोआप 1/50 ला जाऊन बसतं, म्हणून 25 मुळे गेले असं वाटतं. दुसऱ्या फोनवर हाच उपाय फसतो.

फलकाचं मात्र वेगळं. त्याच्या दिव्यांची लुकलुक त्याच्या स्वतःच्या सर्किटवर चालते. रस्त्यावरचे दिवे शांत झाले तरी फलकावर रेघा राहू शकतात. मग चौकट थोडी सरकवून फलक बाहेर ठेवणं हाच उपाय.

भटकभवानी
बरं बाबा. माझ्या फोनला शटरचं बटणच नाही, तेव्हा मी 25 वरच.

कागदीबाण
सीसीटीव्हीच्या क्लिपा टाकल्या तर नोकरी जाईल ना त्याची! कंपनी सोडणार आहे का? कथेत हे आधी सोडवा.

निशिगंधा
@कागदीबाण सीसीटीव्ही नाही हो, स्वतःचा फोन आहे.

@उजेडवाला पट्टे घेतले. फलक आहेच चौकात, मी तो उगाच वर्णनासाठी ठेवला होता.

कागदीबाण
अच्छा, घाईत वाचलं. तरी एक गोष्ट बघाच. रात्री 2 ला घेतलेली क्लिप त्याने 2:05 ला टाकली, तर बघणाऱ्याला कळतं की रखवालदार आत्ता वरच्या मजल्यावर आहे आणि खालच्या गेटवर कुणी नाही. रोज त्याच वेळी टाकत गेला तर फेरीचं वेळापत्रकच जगजाहीर. दुसऱ्या दिवशी दुपारी टाकायची, आणि वेळ लिहायची नाही. वरून घेतल्यावर गाड्यांच्या नंबरपाट्या बहुधा वाचता येत नाहीत, पण केबिनच्या काचेतून घेतली तर काचेत आतले मॉनिटर उमटतात. आणि चौकी सोडून मोबाइल धरून बसला असं कुणी म्हणू नये म्हणून फेरीच्या ठरलेल्या थांब्यापुरतंच शूटिंग ठेवा.

सुईदोरा
पट्टे ठीक आहेत, पण खरी माती होते ती चित्राच्या मागेपुढे होण्यात. गाडी वळते, हेडलाइट कॅमेऱ्यावर येतात, सगळी चौकट काळी पडते, गाडी गेली की परत उजळते. हे ऑटो एक्स्पोजर. रंगही बदलतात. सोडियमच्या दिव्यात रस्ता नारिंगी, मध्येच पांढरे हेडलाइट आले की फोन रंग सुधारायला जातो आणि डांबर क्षणभर निळसर होतं.

दोन्ही कुलूपबंद करायला लागतात. रेकॉर्डिंगच्या आधी बोट ठेवायचं ते दिव्यावर नाही आणि काळोख्या कोपऱ्यातही नाही, दिव्याखालच्या उजळ रस्त्यावर. दाबून धरायचं, कुलपाची खूण येईपर्यंत. मग उजेड थोडा खाली ओढायचा. पुष्कळ फोनांत या कुलपात रंग येत नाही, तो प्रो मोडमध्ये जाऊन वेगळा बांधावा लागतो.

झूम अजिबात नको. अंधारात फोन गुपचूप मुख्य लेन्सवर जातो आणि तिचंच चित्र कापून मोठं करतो, दाणे दिसतात. ओळखायचं कसं, तर झूम करून टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवा. चित्र झाकलं गेलं नाही तर ती लेन्स चालूच नाही.

निशिगंधा
@सुईदोरा बोट ठेवून बघितलं. खरंच झाकलं गेलं नाही! 😄

रात्रदिवस
पाळीवाल्यांबद्दल एक. क्लिप बघणारे पहिले लोक कोण असणार, तर जागेच असणारे. नर्सा, ड्रायव्हर, लहान बाळाच्या आया, आणि दुसऱ्या टाइम झोनमधले, ज्यांचा तेव्हा दिवस असतो. आता कागदीबाण म्हणतात तशी क्लिप दुपारी टाकली की कॉमेंट दुपारी येणार, म्हणजे ह्याच्या झोपेच्या वेळी. फोन उशाशी असला की पाळीवाल्याची झोप मोडलीच. नोटिफिकेशन बंद, खिडकीला काळं कापड, कॉमेंट उठल्यावर. नाहीतर दोन आठवड्यांत चेहरा उतरलेला दाखवा.

सोनचाफा
काळ्या कापडाला काय लावता? पडद्याच्या वरच्या फटीतून उजेड येतोच येतो.

रात्रदिवस
@सोनचाफा वेल्क्रोची पट्टी, चारी बाजूंनी. वरच्या फटीला कापड भिंतीवर चार बोटं चढवायचं.

सुईदोरा
पडद्यावरून परत येऊ या 😀 लोक का थांबतात त्याबद्दल. माझं मत असं की कथेचा कणा इथे आहे.

छोट्या क्लिपा संपल्या की आपोआप पुन्हा सुरू होतात. जोड दिसली नाही तर माणसाला संपल्याचं कळत नाही, तो दोनदा-तीनदा बघतो, आणि जी क्लिप लोक शेवटपर्यंत बघतात ती पुढे आणखी लोकांना दाखवली जाते. तुमच्या रखवालदाराला हे ठाऊक नाही. पण त्याची चौकट रोज तीच, फोन कठड्यावर, उजेड बांधलेला. म्हणजे पहिली आणि शेवटची फ्रेम जवळपास एकच. नकळत त्याने गोल क्लिप बनवली.

हे जमायला मात्र तीन गोष्टी लागतात. दोन्ही टोकांना रस्ता रिकामा हवा, म्हणजे झाडणारी गाडी चौकटीत शिरण्याआधी सुरुवात आणि पूर्ण बाहेर गेल्यावर शेवट. सिग्नल दोन्ही टोकांना एकाच अवस्थेत हवा. नुकताच पेटला तिथे सुरुवात, तर पुन्हा नुकता पेटणार त्याच्या एक फ्रेम आधी कापायचं, नाहीतर तीच फ्रेम दोनदा येऊन अडखळते. आणि आवाज. चित्र जुळलं तरी आवाजात टक् होतो, कारण पंख्याची घरघर मध्येच कापली जाते. शेवटचा अर्धा सेकंद आवाज सुरुवातीच्या आवाजात विरघळवायचा.

स्टँडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद. चालू असलं की इमारतींच्या कडा बारीक तरंगतात आणि जोड उघडी पडते.

उजेडवाला
याला दुजोरा. आणि म्हणूनच कुलूप महत्त्वाचं. शेवटी गाडी गेल्यावर ऑटोने चित्र जरा उजळलं, तर पुन्हा सुरू होताना झटका बसतो आणि जादू गेली.

भटकभवानी
वर गाणं टाकलं की आवाजाची कटकटच नाही.

सुईदोरा
@भटकभवानी गाणं बारा सेकंदांत पूर्ण होतं का? कापलं की जोड दुप्पट ऐकू येते. शिवाय दुसऱ्याच्या हक्काचं गाणं असेल तर आवाज बंद केला जाऊ शकतो. झाडणाऱ्या गाडीची खरखर हीच त्याची ओळख आहे, माझ्या मते.

भटकभवानी
मला मूक क्लिप कंटाळवाणी वाटते. असो, कथा तुमची.

निशिगंधा
@सुईदोरा हे फार कामाचं. आता एक सांगा. फोनवर क्लिप छान दिसते आणि टाकल्यावर चिखल होतो, असं मी लिहिलंय. खरं वाटेल का?

उजेडवाला
वाटेल, पण कारण द्या. सोपं कारण म्हणजे तो क्लिप मेसेजिंग अ‍ॅपवरून भावाला पाठवतो, भाऊ आवाज जोडून परत पाठवतो, मग हा अपलोड करतो. जाताना एकदा आवळली, येताना एकदा, अपलोडला तिसऱ्यांदा. डॉक्युमेंट म्हणून पाठवली असती तर मूळ फाइल गेली असती.

दुसरं कारण अंधारातले दाणे. रिकामं आकाश प्रत्येक फ्रेममध्ये वळवळतं, आणि आवळणारा प्रोग्रॅम त्या वळवळीवर आपला डेटा उधळतो, गाडीसाठी उरत नाही. मग आकाशात चौकोनी ठोकळे. उजेड शूट करतानाच थोडा खाली ठेवायचा, आयएसओ शक्यतो 800 च्या आसपास, आणि एडिटिंगमध्ये आकाश आणखी काळं करायचं. काळ्यात दाणे लपतात. 'रात्र दिवसासारखी दिसायला हवी' हा हट्ट सोडला की क्लिप सुधारते.

कागदीबाण
लेन्स पुसतो का तो? फोन खिशात, बोटांचा तेलकटपणा. दिव्यांना लांब रेघा येतात त्या त्यामुळे.

सुईदोरा
बरोबर. आणि पुसूनही हिरवा ठिपका राहिला तर ती लेन्सच्या आतली परावर्तनं. ठिपका दिव्याच्या बरोब्बर समोर, चौकटीच्या मध्याच्या पलीकडे पडतो. फोन किंचित फिरवून तो ठिपका दुसऱ्या दिव्यावर नेऊन बसवायचा.

सोनचाफा
पावसात काय करणार तुमचा माणूस? कठडा ओला, लेन्सवर थेंब.

निशिगंधा
पावसाचा प्रसंग आहे पुढे! थेंब ठेवू की पुसू?

उजेडवाला
ठेवा. पण फोकस दूरवर बांधून. ऑटोवर सोडला तर फोन थेंबावर फोकस करतो आणि चौक गायब होतो. मध्येच थेंब घसरला तर मात्र गोल जोडणं विसरा, ती क्लिप एकदाच बघायची.

रात्रदिवस
फेरीच्या थांब्यावर तो किती वेळ उभा राहतो पण? बारा सेकंदांत झाडणारी गाडी रिकाम्या रस्त्यावर शिरून बाहेर जाईल का? ती फार हळू चालते.

सुईदोरा
@रात्रदिवस मुद्दा आहे. चौकट किती रुंद त्यावर. ताशी 10 किमी धरली तर सेकंदाला साधारण पावणेतीन मीटर, बारा सेकंदांत 33 मीटर. वरून मोठा चौक दिसत असेल तर पुरणार नाही. निशिगंधा, एक तर चौकटीत रस्त्याचा छोटा तुकडा ठेवा किंवा क्लिप वीस सेकंदांची करा.

निशिगंधा
वीस करते. शीर्षकच 'बारा सेकंद' होतं 😩

भटकभवानी
सायकलवाला ठेवा, शीर्षक वाचेल.