‘आलेखाखालील क्षेत्रफळ’, आणि आलेखच अक्षाच्या खाली गेला तर?

रेघोटी: नववीसाठी गतीवरची सराव-गणितं मराठीत करतेय, एका वाक्यावर गाडी अडलीय. ‘वेग-काल आलेखाखालील क्षेत्रफळावरून वस्तूने कापलेले अंतर काढा.’ गणितात चेंडू उतारावर वरच्या दिशेने 6 मी/से वेगाने सोडलाय, वेग दर सेकंदाला 2 ने कमी होतो, 3 सेकंदांनी चेंडू थांबतो आणि मागे यायला लागतो, 5व्या सेकंदाला वेग उणे 4. म्हणजे रेष अक्षाला छेदून खाली जाते आणि दुसरा त्रिकोण रेषेच्या खाली नाही तर चक्क वर येतो, अक्ष आणि रेष यांच्या मधे. एका मुलीने तो सोडूनच दिला, म्हणाली आलेखाखाली तिथे काहीच नाहीये! ‘आलेखाखालील’ला दुसरा सुटसुटीत शब्द आहे का?

तिरकस: ‘आलेख’ कशाला पण, ‘ग्राफ’ म्हणा की. पोरं ग्राफच म्हणतात, ग्राफपेपरच आणतात.

शब्दवेल्हाळ: आणि आपण आणून द्यायचा? आलेख चांगला रुजलेला शब्द आहे, लिख् धातूवरून आलेला, ओरखडा ते लिखाण असा त्याचा प्रवास आहे. रेघोटीताई, ‘आलेखाने वेढलेले क्षेत्रफळ’ कसं वाटतं?

जुना_भिडू: वेढायला चारी बाजू लागतात हो, एकट्या रेषेने काय वेढणार. ‘आलेख आणि काळाचा अक्ष यांमधील क्षेत्रफळ’ लिहा, लांबलचक आहे पण कुणी त्रिकोण गाळणार नाही. मला मात्र ‘खालील’पेक्षा ‘अंतर’ जास्त खुपतंय. वरचा त्रिकोण अर्धा गुणिले 3 गुणिले 6, म्हणजे 9 मीटर. खालचा अर्धा गुणिले 2 गुणिले 4, म्हणजे 4 मीटर. चेंडू 9 वर गेला, 4 मागे आला. कापलेलं अंतर 13, विस्थापन 5. दोन्ही उत्तरं त्याच दोन त्रिकोणांतून येतात, फक्त एकात बेरीज आणि एकात वजाबाकी. आणि पोरं पडताळा म्हणून s = ut + ½at² वापरतात, त्यात 30 वजा 25 होऊन 5 येतात, मग 13 वाला बिचारा आपलं बरोबर उत्तर खोडतो. ते सूत्र विस्थापनाचं आहे, मधे चेंडू मागे फिरला हे ते सांगत नाही.

मीच_तो: म्हणजे या क्षेत्रफळातून अंतर मिळतच नाही, नेहमी विस्थापनच मिळतं. वाक्यच चूक आहे, ‘अंतर’ काढून टाका.

जुना_भिडू: अर्धंच बरोबर. खालचा भाग ऋण धरला तर विस्थापन, चिन्ह न बघता बेरीज केली तर अंतर. आणि रेष अक्ष ओलांडतच नसेल तर दोन्ही आकडे एकच. बहुतेक गणितांत ती ओलांडत नाही म्हणून तर हे वाक्य इतकी वर्षं खपून गेलं.

शब्दवेल्हाळ: चाल-काल आलेख काढायला लावा! चाल ऋण नसते, रेष 3 सेकंदांवर अक्षाला टेकून परत वर चढेल, दोन्ही त्रिकोण रेषेच्या खालीच येतील. ‘आलेखाखालील’ही वाचेल.

रेघोटी: आयडिया झकास आहे, पण मग चेंडू मागे फिरला हेच आलेखात दिसणार नाही, आणि मला नेमकं तेच शिकवायचंय.

पालक_नं_1: इथेच विचारते. माझ्या मुलाने असाच त्रिकोण ग्राफपेपरवर चौकोन मोजून काढला आणि उत्तर 4.5 लिहिलं, बाईंनी काट मारली. क्षेत्रफळ तर बरोबर मोजलंय ना त्याने? आणि खरं तर चौरस मीटर नको का?

जुना_भिडू: कागदावरचं क्षेत्रफळ बरोबर असणार, प्रमाण विसरला असेल. इथलाच वरचा त्रिकोण घ्या. आडव्या अक्षावर 1 सेंमी म्हणजे 1 सेकंद आणि उभ्यावर 1 सेंमी म्हणजे 2 मी/से असेल तर त्रिकोण 3 सेंमी रुंद, 3 सेंमी उंच, 4.5 चौरस सेंमी. पण इथला एक चौकोन 2 मीटरचा आहे, म्हणून 9 मीटर. चौरस मीटर नाही येत, कारण एक बाजू मी/से आहे आणि दुसरी सेकंद, गुणल्यावर सेकंद उडतात. एक बारीक उभी पट्टी बघा, 0.1 सेकंद रुंद, तेवढ्यात वेग साधारण 5, म्हणजे चेंडू अर्धा मीटर सरकला. सगळ्या पट्ट्यांची बेरीज म्हणजेच ते क्षेत्रफळ. चौदाव्या शतकात निकोल ओरेमने वेगाच्या अशाच आकृत्या काढल्या होत्या.

तिरकस: मीटर येतात तर ‘क्षेत्रफळ’ म्हणायचंच कशाला?

शब्दवेल्हाळ: मग काय ‘एरिया’ म्हणायचं? त्यानेही मीटर येणार नाहीत.

मीच_तो: मला ‘विस्थापन’च खटकतं. धरणग्रस्त डोळ्यांसमोर येतात.

शब्दवेल्हाळ: ‘स्थानांतर’ छान आहे की.

तिरकस: ते बदली झालेल्या कारकुनाचं.

रेघोटी: अहो, ‘खालील’चं काय ठरलं? उद्या छापायला द्यायचंय.

शब्दवेल्हाळ: ‘स्थानबदल’ही चालेल बरं का.