मदत हवी आहे: तक्ता नसताना सेल पोटेन्शियल

रत्नागिरीत पावसाने पुस्तकातलं प्रमाण विभवांचं पान भिजून चिकटलंय, आणि भाचीच्या सराव पेपरातही तक्ता नाही. जस्त-तांबे सेल 1.10 V, तांबे-चांदी 0.46 V दिलंय. तांबं दोन्हीकडे असल्याने जस्त-चांदी सेल सरळ बेरजेने 1.56 V आला, उत्तर जुळलं.

लोखंडात मात्र फसलो. Fe³⁺/Fe²⁺ 0.77 V, Fe²⁺/Fe −0.44 V. बेरीज 0.33 येते, Fe³⁺/Fe चं छापील उत्तर −0.04. इलेक्ट्रॉनांनी गुणलं तर 1×0.77 + 2×(−0.44) = −0.11, भागिले 3, म्हणजे −0.037. जुळलं! पण चांदीच्या गणितात हा गुणाकार का लागला नाही? पूर्ण सेलमध्ये इलेक्ट्रॉन कटतात म्हणून का? भाचीला पटेल असं कुणी सांगाल का?