मदत हवी आहे: ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचा pH जुळत नाही, दुसरं डिसोसिएशन नक्की कधी सोडायचं?

परळ_मानसी
जर्नल उद्या द्यायचं आहे, म्हणून पटकन सांगा. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचा pH काढायचाय. पहिलं डिसोसिएशन धरून १.१३ येतो, उत्तरात १.२८ आहे. म्हणजे दुसरं धरायला हवं होतं ना? ते कधी धरायचं आणि कधी सोडायचं, याचा एक नियम हवाय. थिअरी नको.

ब्युरेटवाला
दुसरं कधीच सोडायचं नाही. ऑक्झॅलिकचा n-फॅक्टर २ आहे, NaOH बरोबर टायट्रेशन केलं की दोन्ही हायड्रोजन जातात. १२६ ग्रॅमच्या स्फटिकांचं इक्विव्हॅलंट वजन ६३ धरतात ते त्यामुळेच.

सायन_लिटमस
ब्युरेटवाले, NaOH ओतलं की दोन्ही जाणारच, अल्कली ते ओढून घेते. इथे बाटलीत नुसतं अ‍ॅसिड आणि पाणी आहे. हा प्रश्न वेगळा.
मानसी, कॉन्सन्ट्रेशन किती? Ka कोणते दिलेत? आणि १.१३ कसा काढला, वर्गसमीकरण सोडवून की नुसतं वर्गमूळ घेऊन?

बेरीज_वजाबाकी
सोपा नियम आहे. Ka1 ला Ka2 ने भागा. उत्तर हजाराच्या वर गेलं तर दुसरं सोडा, खाली आलं तर धरा. परीक्षेत एवढं पुरतं.

परळ_मानसी
०.१ M आहे, लिहायचं राहिलं. Ka1 = ०.०५६, Ka2 = ०.००००५४. वर्गमूळच घेतलं, सगळे तसंच करतात. भागाकार १०३७ येतो, म्हणजे सोडायचं. मग उत्तर का जुळत नाही? शेवटी Ka2 मिळवूनही पाहिलं, तरी १.१३ च.

सायन_लिटमस
Ka2 मिळवून आकडा हललाच नाही, यातच उत्तर आहे. चूक दुसऱ्या पायरीत नाही, पहिल्या पायरीत आहे.

वर्गमूळ घेताना तुम्ही गृहीत धरता की अ‍ॅसिड जवळजवळ न फुटता तसंच राहिलं, म्हणून खाली ०.१ − x ऐवजी ०.१ लिहिता. पण तुमचा x आला ०.०७४८. म्हणजे पाऊण अ‍ॅसिड फुटलं आणि तरी शिल्लक पूर्ण धरली. ऑक्झॅलिकची पहिली पायरी तेवढी दुबळी नाही. पूर्ण समीकरण घ्या:

```
x^2 + 0.056x - 0.0056 = 0
```

x = ०.०५१९, pH १.२८. जुळला.

आता दुसरी पायरी. पहिल्या पायरीतून H⁺ आणि HC₂O₄⁻ सारखेच तयार होतात. Ka2 च्या समीकरणात एक वर आणि एक खाली येतो, दोन्ही कटतात. उरतं ते C₂O₄²⁻ ≈ Ka2. म्हणजे दुसऱ्या पायरीतून येणारा जादा H⁺ साधारण ०.००००५४. तो ०.०५१९ शेजारी ठेवून पाहा, हजारात एक भाग. म्हणून इथे सोडायचं.

नियम हवाच असेल तर हा घ्या: आधी पहिल्या पायरीचा [H⁺] नीट काढा, मग Ka2 ला त्याने भागा. ०.०५ च्या खाली आलं तर सोडा. Ka1 आणि Ka2 च्या भागाकारावर विसंबू नका, त्यात कॉन्सन्ट्रेशनच नाही.

बेरीज_वजाबाकी
हजाराचा नियम मी काही घरी बनवलेला नाही, क्लासमध्ये सगळीकडे हाच शिकवतात. आणि इथे त्याने बरोबरच सांगितलं की.

सायन_लिटमस
इथे सांगितलं, कारण द्रावण ०.१ M होतं. तेच अ‍ॅसिड ०.००१ M घ्या. भागाकार तोच, १०३७. पहिल्या पायरीचा [H⁺] येतो ०.०००९८३. Ka2 भागिले हा, ०.०५५. दोन्ही पायऱ्या धरून सोडवलं की [H⁺] ०.००१०३२ होतो, म्हणजे पाच टक्के वाढ. pH ३.०१ चा २.९९.

आता उलट बाजू. टार्टारिक अ‍ॅसिड घ्या, Ka1 ०.०००९२ आणि Ka2 ०.००००४३. भागाकार फक्त २१. तुमच्या नियमाने दुसरं धरलंच पाहिजे. पण ०.१ M ला [H⁺] ०.००९१ येतो आणि Ka2 त्याच्या अर्धा टक्काही भरत नाही. बिनधास्त सोडा. ०.००१ M ला मात्र सोडलं तर pH ३.२२ आणि धरलं तर ३.१९.

चिंच_गूळ
टार्टारिक म्हणजे चिंचेतलंच ना? गणपतीची तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासतो, त्या कोळाचा pH याच पद्धतीने निघेल का?

सायन_लिटमस
नाही निघणार. चिंचेत बरंचसं टार्टारिक पोटॅशियमच्या मिठाच्या रूपात असतं. मग HT⁻ आणि H⁺ सारखे राहत नाहीत, आणि वरची काटाकाटी त्या सारखेपणावरच उभी आहे. नुसतं पोटॅशियम हायड्रोजन टार्टरेट घेतलं तर दोन्ही पायऱ्या धराव्याच लागतात. त्याचं २५° ला संपृक्त द्रावण pH ३.५६ चं प्रमाण बफर म्हणून वापरतात.

परळ_मानसी
१.२८ आला, थँक यू. (ब) मध्ये ०.०१ M सल्फ्युरिक आहे. ते स्ट्राँग, म्हणून ०.०२ धरून १.७० लिहिते. ओके?

कॉलम_नंबर_तीन
नको. पहिला हायड्रोजन पूर्ण सुटतो, दुसरा नाही. त्याचा Ka2 ०.०१२, आणि पहिल्या पायरीचा [H⁺] ०.०१. भागाकार १ च्या वर, म्हणजे सोडताही येत नाही आणि पूर्ण सुटला असंही म्हणता येत नाही. (०.०१ + x)x / (०.०१ − x) = ०.०१२ सोडवा. x = ०.००४५, एकूण ०.०१४५, pH १.८४. सोडलं असतं तर २.००, पूर्ण धरलं असतं तर १.७०. दोन्ही चूक.

दोन्ही पायऱ्या धरून कुठल्याही दुबळ्या डायप्रोटिकसाठी एक्सेलमध्ये हे टाका. पहिल्या पायरीचा h घालायचा, उजवीकडून आलेला h परत घालायचा. ०.००१ M ऑक्झॅलिकला तीन फेऱ्यांत आकडा स्थिर होतो. आकडा वर-खाली उड्या मारत राहिला तर जुन्या-नव्याची सरासरी घालून पुढे जा.

```
h = C*(Ka1*h + 2*Ka1*Ka2)/(h*h + Ka1*h + Ka1*Ka2)
```

आणखी एक. 'सोडा' म्हणजे pH काढताना सोडा. ऑक्झलेट शून्य धरू नका. त्या ०.१ M द्रावणात ऑक्झलेट ०.००००५४ M आहेच. ०.०१ M कॅल्शियम असेल तर दोघांचा गुणाकार कॅल्शियम ऑक्झलेटच्या Ksp च्या, म्हणजे साधारण २ × १०⁻⁹ च्या, दोनशे पटींहून वर जातो. गाळ पडायला एवढं पुरतं.

ब्युरेटवाला
म्हणजे दुसरं सोडायचं नाही, हेच मी म्हणत होतो.

बेरीज_वजाबाकी
पाच टक्के म्हणजे pH मध्ये ०.०२. लॅबमधला मीटर ४ आणि ७ च्या बफरवर लावलेला असतो, त्यावर १.२८ आणि १.३० मधला फरक कोण मानणार? एवढ्यासाठी एक्सेल कशाला?

कॉलम_नंबर_तीन
मीटरची चूक कधी इकडे, कधी तिकडे जाते. दुसरी पायरी सोडल्याची चूक नेहमी एकाच बाजूला, pH जास्त दाखवते. म्हणून माझी मर्यादा एक टक्का.

सायन_लिटमस
एक टक्का कडक आहे. Ka चे आकडेच पुस्तकागणिक त्याहून जास्त बदलतात. ऑक्झॅलिकचा Ka2 कुठे ०.००००५४ आहे, कुठे ०.००००६४. शिवाय ०.१ M ला आयनांच्या गर्दीचा परिणाम आपण कोणीच धरलेला नाही.

कॉलम_नंबर_तीन
तो धरायचा तर १.२८ सुद्धा तसाच राहणार नाही. मग पाच टक्के तरी कशाच्या पाच टक्के?