कामाच्या नोंदवहीच्या फोटोंतून एकूण मिनिटं कशी काढावीत?

वहीवाली
आमच्याकडे तिघंजण एकाच वहीत कामाचा वेळ लिहितात. पानांचे फोटो माझ्याकडे आलेत, साठेक असतील. मला प्रत्येक कामाची आणि प्रत्येक पानाची एकूण मिनिटं हवी आहेत. अडचण अशी की लिहिण्याची पद्धत ओळीओळीला बदलते. एका पानावर वरून खाली असं आहे:

१ तास ३० मि.
१.१५
पाऊण तास
२:०५
१.५
९० मि

आणि खाली रेघ मारून "एकूण ८.३५". विकतचं अ‍ॅप नको, संगणक नाही, फोनवरच करायचं आहे. मूळ वही आता हाताशी नाही.

रेघोटी
मी स्कॅन करायचं अ‍ॅप वर्षाच्या वर्गणीवर घेतलंय आणि पैसे वसूल झालेत. फोटो सरळ करतं, सावली काढतं, मजकूर उचलून थेट तक्त्यात टाकतं. हाताने टायपत बसण्यात काही अर्थ नाही, डोळे जातात. घेऊन टाका.

वहीवाली
विकतचं नको म्हटलंय. शिवाय मजकूर उचलला तरी १.५ म्हणजे किती हा प्रश्न राहतोच.

भरभर
सोपं आहे. सगळ्या टिंबांच्या जागी कोलन टाका, फाइंड-रिप्लेसने एका फटक्यात होतं. मग शीटला ती वेळ आहे हे कळतं. बेरीज करून १४४० ने गुणा, कारण शीट वेळ दिवसाच्या भागात साठवते आणि दिवसात १४४० मिनिटं असतात.

```
=SUM(B2:B7)*1440
```

उत्तराच्या रकान्याचं स्वरूप साधी संख्या ठेवा, नाहीतर भलतंच दिसेल. आमच्या सगळ्या नोंदी मी अशाच करते.

तासिका
१४४० चं बरोबर आहे, सरसकट टिंब बदलण्याचं नाही. १.५ चं १:५ झालं की शीट त्याला एक तास पाच मिनिटं धरते. लिहिणाऱ्याच्या मनात दीड तास असेल तर २५ मिनिटं गेली, आणि शीट कुठेही चूक दाखवणार नाही. आकडा दिसायला ठीकच असतो, म्हणून पुढे कोणाच्या लक्षातही येत नाही.

अजून एक. रकाना आधी "साधा मजकूर" करून घ्या आणि मगच भरा. नाहीतर १.३० टाकलं की शीट शेवटचं शून्य खाते आणि १.३ उरतं. ते ३० होतं की ३, हे मग कळायला मार्ग नाही.

रात्रपाळी
आमच्याकडे रात्री दहाला सुरू आणि सकाळी सहाला बंद असं लिहितात. वजाबाकी केली की उणे येतं. त्यावर हे सूत्र:

```
=MOD(B2-A2,1)*1440
```

हे वापरा, मध्यरात्र ओलांडली तरी ४८० बरोबर येतं.

वहीवाली
सूत्र चांगलं आहे, पण माझ्याकडे सुरुवात-शेवट नाहीच, फक्त लागलेला वेळ आहे.

रात्रपाळी
मग सुरुवात-शेवट लिहायला सांगा ना. अर्धी भानगड तिथेच मिटते.

तासिका
पुढच्या वहीसाठी ठीक, या फोटोंना त्याचा उपयोग नाही. वहीवाली, तुमच्या पानावर खाली एकूण लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. त्यावरूनच पद्धत ओळखता येते, बघा.

शंका नसलेल्या नोंदी आधी बाजूला काढू. १ तास ३० मि. म्हणजे ९०, पाऊण तास ४५, २:०५ म्हणजे १२५, आणि ९० मि. मिळून ३५०. शंका फक्त दोन नोंदींची. १.१५ हे तास-मिनिटं असेल तर ७५, दशांश असेल तर ६९. १.५ हे दशांश असेल तर ९०, एक तास पाच मिनिटं असेल तर ६५.

चार जोड्या होतात. ७५ आणि ९० धरले तर ५१५. ७५ आणि ६५ धरले तर ४९०. ६९ आणि ९० ला ५०९, ६९ आणि ६५ ला ४८४. आता खालचं ८.३५ बघा. तास-मिनिटं धरलं तर ते ५१५, दशांश धरलं तर ५०१. ५०१ कुठल्याच जोडीला येत नाही, ५१५ पहिलीला चपखल बसतं.

म्हणजे हा लिहिणारा टिंबानंतर दोन आकडे असले की मिनिटं लिहितो आणि एकच आकडा असला की दशांश. एकाच पानावर दोन्ही पद्धती आहेत. एक नियम सगळीकडे लावला असता तर पान चुकलंच असतं.

भरभर
हे एका पानावरून ठरवलंत. त्याची बेरीजच चुकली असेल तर?

तासिका
असू शकते. म्हणून त्याच अक्षराची अजून दोन-तीन पानं अशीच ताडून बघायची. सगळीकडे जुळलं तर त्या माणसापुरता नियम पक्का. दुसऱ्याच्या अक्षराला तो लावायचा नाही, त्याची पानं वेगळी ताडायची. टिंबानंतर ६० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला, समजा १.७५, तर ती नोंद दशांशच, कारण ७५ मिनिटं कोणी तासाच्या पुढे लिहीत नाही. १.७५ म्हणजे १०५ मिनिटं.

रेघोटी
एवढा खटाटोप कशाला, माझं अ‍ॅप आकडे अचूक उचलतं.

शाईपेन
छापील असेल तर उचलत असेल. हस्ताक्षरात माझा अनुभव निराळा. १ आणि ७ ची गफलत होते, कोलनचं वरचं टिंब फिकं असलं की २:०५ चं २.०५ होतं. त्याहून वाईट म्हणजे तिरका फोटो. पान तिरकं असलं की उजवीकडचा वेळ खालच्या ओळीच्या कामाला चिकटतो. पानाची बेरीज जुळते, कामवार आकडे मात्र साफ चुकलेले असतात. हे ओळखायचं तर पहिली, मधली आणि शेवटची ओळ फोटोशी ताडून बघायची. आणि दीड, पाऊण, सव्वा, अडीच असं लिहिलेलं शीटला कळतच नाही, ते हातानेच भरावं लागतं.

भरभर
त्यासाठी छोटी यादी करून फाइंड-रिप्लेस करता येतं. सव्वा तास ७५, दीड ९०, पावणेदोन १०५, अडीच १५०.

शाईपेन
करता येतं, पण आधी लांब शब्द बदला. "सव्वा" आधी बदललं की "सव्वादोन" चं "७५दोन" होऊन बसतं.

वहीवाली
तासिका, त्याच अक्षराची अजून पानं ताडली, नियम बसतोय. दुसऱ्या अक्षरात मात्र एका ठिकाणी १.५० आहे आणि त्या पानावर एकूण लिहिलेलंच नाही. ९० धरू की ११०?

भरभर
दोन आकडे आहेत म्हणजे मिनिटं. ११०.

तासिका
तो नियम पहिल्याच्या अक्षराचा आहे. या दुसऱ्याच्या इतर पानांवर .२५ किंवा .७५ वारंवार दिसतंय का? पाव-पाव तासांत लिहिणारा असेल तर .५० म्हणजे अर्धा तास. .१० किंवा .२० दिसत असेल तर मिनिटांकडे झुकतं माप. दोन्ही दिसत असेल तर अंदाज करू नका.

वहीवाली
दोन्ही दिसतंय.

तर मी असं करतेय. अ‍ॅप नाही, फाइंड-रिप्लेस नाही, नोंदींवर सूत्रही नाही. एका रकान्यात जसं लिहिलंय तसंच हाताने, शेजारी माझी मिनिटं. शीट फक्त बेरीज करेल. पानावर एकूण असेल तिथे ताडून बघेन, आणि १.५० सारख्या नोंदी रंगवून मिनिटांचा रकाना रिकामा ठेवेन. ज्याचं अक्षर आहे त्याला ओळीचा फोटो पाठवून विचारलंय, अजून उत्तर नाही.

रेघोटी
साठ पानं हाताने? कमाल आहे.

रात्रपाळी
रिकाम्या घराचं काय करणार? बेरजेत ते शून्य धरलं जाईल.

वहीवाली
हो, म्हणून त्या पानाच्या एकूण मिनिटांपुढे "एक नोंद बाकी" असं लिहितेय.