मदत हवी आहे: कस्टम सॉफ्टवेअरचं कोटेशन कॉस्ट-प्लसने द्यावं की व्हॅल्यू-बेस्ड?

घणसोली_डेव्ह
महापेला आमचं तिघांचं युनिट आहे. कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्टरला सॉफ्टवेअर हवंय. ४० ट्रेलर आहेत, न्हावा शेवाहून आयातीचे कंटेनर उचलून तळोजा-भिवंडीला पोचवतात. रिकामा कंटेनर वेळेत परत गेला नाही की शिपिंग लाइन डिटेन्शन लावते, आणि उशीर गाडीमुळे झाला असेल तर आयातदार ते पैसे यांच्या भाड्यातून कापतो. महिन्याला अडीच लाख असे जातात म्हणे.

कामं: फ्री डेजचे अलर्ट, ट्रिप शीट, ड्रायव्हरचा हिशेब, बिलिंग, टॅलीला जोडणी. अंदाज ७०० तास. पगार, भाडं सगळं धरून महिन्याचा खर्च २ लाख ७० हजार, तिघांचे मिळून ४८० तास, म्हणजे तासाला ५६२. वर २५ टक्के धरले की ४ लाख ९२ हजार. पार्टनर म्हणतो, वर्षाचे ३० लाख वाचवतोय तर १० लाख सांग. कोणाचं ऐकू?

वाशी_सेक्टर१७
पार्टनरचं. तुमचे तास किती गेले याच्याशी गिऱ्हाइकाला काय देणंघेणं? कॉस्ट-प्लसमध्ये काम लवकर उरकलं तर नुकसान तुमचंच. बचतीचा तिसरा हिस्सा मागा, बिनधास्त.

हिशेबी_ठाणेकर
दोन्ही आकडे चुकलेत.

आधी तुमचा. ४८० तास हे हजेरीचे झाले, बिलाचे नाहीत. कोटेशनं, मीटिंगा, जुन्या गिऱ्हाइकांचे फोन, सुट्ट्या वजा करा. ६५ टक्के उरले तरी पुष्कळ. म्हणजे ३१२ तास, आणि तासाचा खर्च ८६५. ७०० तासांना ६ लाख ५ हजार खर्चच होतो. ४ लाख ९२ हजारांत काम घेतलंत तर २५ टक्के नफा कागदावर राहील आणि खिशातून लाखभर जातील. टाइमशीट ठेवत असाल तर ६५च्या जागी स्वतःचा आकडा घाला.

आता पार्टनरचे ३० लाख. अलर्ट आला म्हणून सगळं डिटेन्शन थांबत नाही. आयातदाराने माल उतरवायला चार दिवस लावले, यार्डाने रिकामा कंटेनर घ्यायला नकार दिला, बंदरात गर्दी झाली, यात सॉफ्टवेअर काय करणार? गेल्या सहा महिन्यांच्या डेबिट नोटा मागा आणि प्रत्येकीपुढे कारण लिहा. समजा, तारीख लक्षात राहिली नाही किंवा गाडी लावली गेली नाही, अशा ४० टक्के निघाल्या. म्हणजे महिन्याला १ लाख. त्यातले ६० हजार वाचतील असं धरलं तर वर्षाचे ७ लाख २० हजार. इतक्याच बचतीवर पहिल्या वर्षी १० लाख कोण देईल?

पाचपाखाडी_वेब
आमच्याकडे सोसायटीच्या मेंटेनन्स ॲपचं काम आलंय. कमिटीला पण बचत दाखवायची का?

हिशेबी_ठाणेकर
तिथे पैशात मोजता येईल अशी बचत फारशी नसते, आणि कमिटी तीन कोटेशनं मागवून सर्वांत स्वस्त उचलते. तासांवरच द्या.

घणसोली, ७०० तास एकत्र ठेवू नका. बचत होते ती अलर्ट आणि रिकामा कंटेनर परत करण्याच्या नियोजनातून. ते काम २६० तासांचं असेल तर तुमचा खर्च २ लाख २५ हजार. त्याला साडेतीन लाख सांगा, गिऱ्हाइकाचे सहा महिन्यांत वसूल होतात. ट्रिप शीट, बिलिंग, टॅली हे ४४० तास दुसऱ्या टप्प्यात कॉस्ट-प्लसने: ३ लाख ८० हजार खर्च, २५ टक्के धरून पावणेपाच लाख. तिथेच मागण्या वाढतात, म्हणून जादा तासाचा दर करारातच लिहा. दोन्ही रकमांवर जीएसटी १८ टक्के वेगळा, हेही लिहा, नाहीतर 'त्यातच धरा ना' म्हणतात.

वाशी_सेक्टर१७
मग हिस्साच का नको? बचत जास्त झाली तर तुमचाही फायदा.

हिशेबी_ठाणेकर
मोजणार कोण? पावसाळ्यात ट्रिपा घटल्या की डिटेन्शन आपोआप उतरतं, लाइनने फ्री डेज वाढवले तरी उतरतं. दर महिन्याला वाद होणार, आणि डेबिट नोटा त्यांच्याच कपाटात. बचतीवरून किंमत ठरवा, पण आकडा ठरलेला असू द्या.

घणसोली_डेव्ह
डेबिट नोटा मागितल्या. मालक म्हणतो, तीन महिन्यांच्याच देतो, आणि त्याही कंटेनर नंबर झाकून.

हिशेबी_ठाणेकर
नंबर झाकले तर चालेल. यार्डात गेट-इन झाल्याची तारीख, फ्री डेज संपल्याची तारीख आणि माल उतरून गाडी सुटल्याची वेळ, एवढं दिसलं पाहिजे. गाडी सुटल्यावरही फ्री डेज हातात होते आणि तरी कंटेनर उशिरा पोचला, ती तुमची केस. पण महिने तीनच आहेत, तेव्हा ६० हजार न धरता ४५ धरा.

घणसोली_डेव्ह
४५ हजार धरले तर वसुलीला जवळपास आठ महिने. तरी साडेतीन लाख सांगायचे की तीनवर यायचं? वार्षिक मेंटेनन्स पण त्याला यातच हवंय.

वाशी_सेक्टर१७
साडेतीनच सांगा. मेंटेनन्स वेगळा.

हिशेबी_ठाणेकर
मेंटेनन्स वेगळा, हे पटतं. तीन की साडेतीन ते नोटा पाहिल्याशिवाय नाही सांगता येणार.