मदत हवी आहे: लॅपटॉप सुरू होत नाही, कॅप्स लॉकचा दिवा पाचदा लुकलुकतो (सांगली)

हळदीचं_पोतं:
मंडळी, मी सांगलीत मार्केट यार्डात हिशेबाचं काम करतो. परवा सकाळी लॅपटॉपचं बटण दाबलं तर पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच राहिली. कॅप्स लॉकचा दिवा मात्र पाच वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा पाच वेळा लुकलुकतो. चार्जर लावून झाला, काढून झाला, फरक शून्य.
इथल्या एका दुकानदाराने दिवा बघताच "मदरबोर्ड गेला, अकरा हजार" असं सांगितलं. झाकणसुद्धा उघडलं नाही. लॅपटॉप सहा वर्षांचा आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, मागच्या धाग्यात त्यावरूनच दोन दिवस भांडणं चालली होती. २० तारखेच्या आत जीएसटीचं रिटर्न भरायचं आहे. त्या दिव्याला काही अर्थ असतो का?

रातराणी:
माझ्याही कीबोर्डचे दिवे मध्येच जात होते. सेटिंगमध्ये बॅकलाइटची वेळ वाढवली आणि थांबलं. बघा करून.

हळदीचं_पोतं:
ताई, सेटिंगपर्यंत पोचता आलं असतं तर धागा कशाला काढला असता! स्क्रीनच येत नाही.

पेठेतला:
अर्थ असतो तर! माझ्याकडे तक्ता आहे. १ म्हणजे प्रोसेसर, २ बायोस, ३ रॅम, ४ ग्राफिक्स, ५ मदरबोर्ड. तुमचे पाच, म्हणजे दुकानदार बरोबर बोलला की. तरी एकदा चार्जर काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, कधीकधी साठलेला करंट उतरला की चालू होतं.

कृष्णाकाठ:
२०१९ च्या पुरात आमचा लॅपटॉप पाण्यात गेला. महिनाभर उन्हात वाळवला, पण एक दिवा लागेल तर शपथ. तुमचा निदान लुकलुकतोय, म्हणजे धुगधुगी आहे. आमच्याला तर तेवढीही नव्हती.

खटपट्या:
पोतंदादा, बोर्डाचे पैसे मोजू नका अजून. आधी सांगा, पाचही लुकलुकणी सारखीच आहेत का? काही लांब आणि काही आखूड, असं तर नाही? डोळ्याने नीट कळत नाही. मोबाइलने मिनिटभर व्हिडिओ घ्या, हळू गतीने लावा आणि थांब्यानंतरच्या पहिल्या लुकलुकण्यापासून मोजा. मधूनच मोजायला सुरुवात केली की आकडा चुकतो.

पेठेतले यांचा तक्ता खोटा नाही, एचपीच्या जुन्या लॅपटॉपांचा आहे. त्यात सगळी लुकलुकणी सारखीच धरून एकच आकडा मोजायचा. नंतरच्या मशिनांत त्यांनीच दोन आकड्यांचा कोड आणला: आधी लांब, मग आखूड. नव्या मशिनला जुना तक्ता लावला की ३ लांब आणि २ आखूड यांचे "पाच" होतात, आणि पाच म्हटलं की मदरबोर्ड. डेलमध्ये तिसरीच तऱ्हा, तिथे नारिंगी किती आणि पांढरे किती हे मोजायचं. त्यामुळे तक्ता कुठला हे आधी ठरवायचं. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवर मिळेल.

हळदीचं_पोतं:
खटपट्या, कमाल आहे! व्हिडिओ हळू करून पाहिला. तीन लांब, दोन आखूड, मग थांबा. मॅन्युअल काढलं, त्यात ३.२ समोर मेमरीचं काहीतरी लिहिलंय. म्हणजे रॅम गेली?

खटपट्या:
गेली असं तो कोड म्हणत नाही. बोर्डावर एक छोटी वेगळी चिप असते, कीबोर्ड आणि चार्जिंग तिच्या ताब्यात असतं. मुख्य प्रोसेसर जागा झाला नाही तरी ती जागी असते, म्हणून तर दिवा लुकलुकू शकतो. बायोस मेमरी तयार करतोय याची ती वाट बघते. ठरलेल्या वेळात काम झालं नाही की ३.२ दाखवते. आता ते काम का अडलं हे तिला ठाऊक नाही. रॅमची पट्टी खराब असेल, तिच्या पायांवर काळपटपणा आला असेल, खाच खराब असेल, क्वचित प्रोसेसर किंवा बोर्डही असेल. आपण स्वस्तातल्या कारणापासून सुरू करू. किती पट्ट्या आहेत?

हळदीचं_पोतं:
दोन. एक ४ जीबी मूळची, दुसरी ८ जीबीची गेल्या दिवाळीत टाकलेली.

खटपट्या:
मग सोपं आहे. चार्जर काढा, खालचे स्क्रू काढा, झाकण प्लॅस्टिकच्या कार्डाने उचका. सर्वांत आधी बॅटरीची पिन काढा, मग पॉवर बटण वीसेक सेकंद दाबून धरा. बॅटरी जोडलेली ठेवून रॅम ओढली तर चांगला बोर्डही जाऊ शकतो. पट्टीच्या दोन्ही बाजूंचे चिमटे बाहेर ढकलले की ती आपोआप तिरकी वर येते. सोनेरी पाय मऊ खोडरबरने हलकेच पुसा आणि चुरा ब्रशने झाडा, खाचेत जाता कामा नये.

आता एकच पट्टी घ्या. तिरकी धरून पूर्ण आत सारा, मगच खाली दाबा. बॅटरी जोडा, सुरू करा. स्क्रीन लगेच आली नाही तरी दोनेक मिनिटं हात लावू नका, रॅम बदलली की पहिल्यांदा वेळ लागतो. लोक इथेच घाई करून बंद करतात. प्रत्येक पट्टी प्रत्येक खाचेत, असे चारही प्रयोग करा आणि कागदावर लिहून ठेवा. प्रत्येक बदलाआधी बॅटरीची पिन काढायचीच.

पेठेतला:
बरं, तक्ता जुना निघाला, मान्य. पण सांगलीच्या पावसाळ्यात पाय काळे पडतात हे मी खात्रीने सांगतो.

हळदीचं_पोतं:
रात्री केलं सगळं. बायको टॉर्च धरून उभी होती आणि "यापेक्षा अकरा हजार बरे" म्हणत होती.
पहिल्या खाचेत ४ जीबी: सुरू!
पहिल्या खाचेत ८ जीबी: सुरू, साधारण मिनिटभराने.
दुसऱ्या खाचेत कुठलीही: पुन्हा तीन लांब, दोन आखूड.
म्हणजे दोन्ही पट्ट्या चांगल्या आणि दुसरी खाच गेली, बरोबर?

खटपट्या:
पट्ट्यांचं बरोबर. खाचेबद्दल एक शंका राहते. काही मशिनं पहिली खाच रिकामी असेल तर दुसरीतली पट्टी चालवतच नाहीत. म्हणून आता दोन्ही पट्ट्या एकदम लावून बघा. सुरू झालं तर खाच ठीक, मुळात बसवणीच सैल होती.

हळदीचं_पोतं:
लावल्या. पुन्हा ३.२. सध्या पहिल्या खाचेत ८ ठेवून काम चालू केलंय, ४ ची डबीत ठेवली. रिटर्न भरून झालं.

खटपट्या:
मग दुसऱ्या खाचेतच दोष. आत धूळ आहे की एखाद्या पायाचा टाका सुटलाय, ते भिंगाखाली बघितल्याशिवाय कळणार नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने खाच एकदा साफ करून, पूर्ण वाळू देऊन बघा. नाहीच झालं तर खाच बदलणारा कारागीर लागेल, आणि ८ जीबीत भागत असेल तर त्या खाचेला हात न लावलेलाच बरा.

कृष्णाकाठ:
पण दिवाळीत ८ ची पट्टी कुणी बसवली होती, तो अकरा हजारवालाच का?

हळदीचं_पोतं:
नाही हो, मीच. आणि बॅटरीची पिन न काढता.