पडवळाची गोष्ट: आजीने कारण सांगावं की नुसतं 'धीर धर' म्हणावं?

देवगडची सून: लहान मुलांसाठी छोटी गोष्ट लिहितेय. सात वर्षांचा बाळू आजीबरोबर मृगात परसात पडवळ लावतो, रोज बी उकरून बघतो. वेल माटवावर चढतो, पांढरी फुलं येतात आणि सगळी गळतात, पडवळ एकही नाही. बाळू चिडून वेल उपटायला जातो, आजी म्हणते धीर धर, आणि पुढे पडवळं लागतात. नवरा म्हणतो आजी कारण सांगत नाही म्हणून गोष्ट पोकळ वाटते. मला वाटतं कारण आलं की शाळेचा धडा होईल. तुमचं मत?

आगरातला माणूस: मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने. पडवळाला आधी नर फुलंच येतात, लांब दांड्यावर घोसाने, ती गळायचीच. मादी फूल नंतर येतं, एकेकटं, आणि त्याच्या पाठीला बोटभर बारकं पडवळ आधीपासूनच असतं. हे ज्या आजीने पन्नास पावसाळे बघितलंय ती 'थांब' म्हणते ते तिला माहिती आहे म्हणून. हे गाळलं तर तिचा धीर म्हणजे नुसता नशिबावर हवाला, आणि मुलगाही तेवढंच शिकणार. आणखी एक, पडवळाचं बी रोज उकरलं तर कोवळं मूळ तुटतं, रुजणारच नाही. एकदाच उकरू दे, ते बी मरू दे, आजीने शेजारी दुसरं आधीच टोकलेलं असू दे.

परळचा चाकरमानी: अजिबात नको. आमची आजी कधी नर नि मादी बोलली नाही हो, फक्त म्हणायची, "रव मरे जरा, मागसून येतली." पोरगं दर सांजेला फुलं बघायला जातं (पडवळाचं फूल उमलतं ते अंधार पडायला लागल्यावर, ही गंमत गोष्टीत घ्याच) आणि एक दिवस त्यालाच दिसतं की या फुलामागे काहीतरी लोंबतंय. स्वतःला दिसलं ते लक्षात राहतं, आजीने समजावलेलं कोण ऐकतो त्या वयात.

मालवणी मसाला: पडवळाच्या शेंड्याला दगड बांधायचा सीन टाका ना, दगड बांधला की पडवळ भराभर वाढतं, मुलांना मजा येईल.

आगरातला माणूस: दगड बांधतात बरोबर, पण वाढायला नाही, सरळ राहावं म्हणून, नाहीतर सापासारखं वेटोळं होतं. दगड छोटाच हवा, जड बांधलात तर देठातून तुटून खाली. बाळूने घाईत मोठा दगड बांधला असं दाखवा हवं तर, कारण न सांगता समजेल. चाकरमानी साहेबांचं सांजेचं बघणं मात्र मान्य, त्यांच्यासाठी माझा अर्धा मुद्दा सोडतो.

पाचवा मजला ठाणे: माझ्या ग्रिलमधल्या पडवळाला मादी फुलं येतात, ती बारकी पडवळं पिवळी पडून गळतात. खत कमी पडतंय का? आजी नाहीये विचारायला.

आगरातला माणूस: खताचं नसणार बहुतेक. तुमच्याकडे रात्रीचे पतंग पोचत नसतील. संध्याकाळी उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला भाग मादी फुलावर हलका घासा. तरी गळलं तर पडवळ चिरून बघा, आत बारीक अळ्या दिसल्या तर फळमाशी, मग कोवळं असतानाच कागदाची पिशवी घालायला लागते.

कुडाळची ताई: धीरच शिकवायचा तर पडवळ का, रातांबा घ्या. बी रुजवून वाढवलेल्या झाडाला फळ धरायला सात-आठ वर्षं लागतात, आणि नर निघालं तर फळ नाहीच, ते फुलं आल्याशिवाय कळतही नाही. म्हणून तर हल्ली सगळे कलम लावतात. बाळू दहावीला गेला तेव्हा कळलं झाड नर आहे, ही खरी गोष्ट.

परळचा चाकरमानी: ताई, सात वर्षांच्या पोराला ही गोष्ट सांगितलीत तर ते झाड लावणंच सोडून देईल.

देवगडची सून: रातांबा नको, गोष्ट एका पावसाळ्यातच बसवायचीय, गणपतीत भाजी व्हायला हवी. सांजेच्या फुलाचं घेते, बी उकरल्याचंही बदलते. पण 'नर' 'मादी' हे शब्द आजीच्या तोंडी घालणार नाही, नवरा काही म्हणो.

आगरातला माणूस: नका घालू. मग शेवट तरी बदला. गणपतीत भाजी झाली की धीर संपला, बक्षीस मिळालं. आमच्याकडे वेलावरचं सगळ्यात चांगलं, लांब पडवळ बियाला राखतात, कोणी तोडायचं नाही. ते पिकून शेंदरी होईपर्यंत लोंबतच राहतं, नंतर लाल गरातून बी काढायचं, राखेत घोळून सुकवायचं. बाळूचा डोळा नेमका त्याच पडवळावर असू दे आणि आजी ते देत नाही.

परळचा चाकरमानी: आजी नातवाला पडवळ देत नाही? कोकणातली आजी? कोण विश्वास ठेवेल!

आगरातला माणूस: बियाण्याचं पडवळ मागून बघा आमच्या आईकडे.